वर्गणी, मुदत आणि एक पत्र
सभासद-नूतनीकरणाच्या तपासणीचा इतिहास

वाचनालयाची इमारत, व्याख्यानमाला आणि संदर्भ विभाग यांची हकीकत या स्मरणिकेत स्वतंत्र लेखांत आली आहे. या लेखाचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. सभासदाची वर्गणी संपली की चालू आहे, हे संस्थेने आजवर कसे तपासले, आणि ही तपासणी यंत्राकडे द्यावी असे पत्र ग्रंथपालांनी कार्यकारी मंडळाला दिले तेव्हा नेमके काय ठरले, एवढेच येथे सांगायचे आहे. त्या पत्राने मंडळाला एक जुना प्रश्न नव्याने सोडवायला लावला. सभासदाला "तुमचे सभासदत्व थांबले" असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न.

नोंदवही आणि पावतीपुस्तक

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालये आरंभापासून वर्गणीवर उभी राहिली. रत्नागिरीला 1828 साली, अहमदनगरला 1838 साली आणि नाशिकला 1840 साली जी वाचनालये निघाली, त्यांच्यामागे गावातली वर्गणी देणारी माणसे होती. पुढे मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राने 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात तो बसवला नाही. आपल्याकडे शासन मान्यता देते, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवते आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान देते. संस्था मात्र सभासदांचीच राहते. त्यामुळे सभासदांची यादी बिनचूक असणे हे हिशेबाइतकेच महत्त्वाचे ठरते. तपासणीसाठी येणारे अधिकारी सभासद-नोंदवही आणि वर्गणीची पावतीपुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहतात, ते याचसाठी.

आपल्या जुन्या नोंदवहीची पाने आडवी आहेत. डावीकडे सभासद क्रमांक, नाव, पत्ता, अनामत रक्कम आणि उजवीकडे एप्रिल ते मार्च असे बारा रकाने. वर्गणी आली की त्या महिन्याच्या रकान्यात पावती क्रमांक लिहायचा. रकाना रिकामा राहिला की थकबाकी. देवघेव विभागातील निर्गम सहायकाकडे सभासदाचे कार्ड असे आणि त्यावरही हीच नोंद दुसऱ्यांदा होई. वही आणि कार्ड जुळले नाही, तर पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढून बघायची, ही तिसरी पायरी. पद्धत संथ होती, पण प्रत्येक नोंदीमागे कोणाचे तरी अक्षर होते आणि चूक कोठे झाली ते शोधता येई.

वर्गणी थकली तरी सभासदाचे नाव लगेच कमी होत नसे. आधी निरोप जाई, मग कार्ड. त्यानंतर अनामतीतून थकबाकी वळती करून घेतली जाई, आणि अनामतही संपली की नाव मंडळाच्या सभेपुढे येई. इतिवृत्तात "खालील सभासदांची नावे कमी करण्यास मंजुरी" असा ठराव दर वर्षी दिसतो. त्या यादीतली काही नावे सभेतच वगळली जात. कोणाची बदली झालेली असे, कोणाच्या घरी आजारपण असे, आणि मंडळातल्या कोणाला तरी ते ठाऊक असे. ही सवलत घटनेत कोठेही लिहिलेली नव्हती. ती संस्थेची रीत होती.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. आपली संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही, असे त्या अधिनियमाचे कलम 15 सांगते. म्हणजे नूतनीकरणाची तारीख चुकली, तर फक्त पुस्तक मिळणे थांबत नाही. निवडणुकीच्या मतदारयादीतून नाव जाते.

संगणक आला, वही राहिली

कोहा ही ग्रंथालयाची मुक्त संगणक-प्रणाली आपण स्वीकारली, तेव्हा ग्रंथसंग्रहाची नोंद हे पहिले काम होते आणि सभासदांची नोंद दुसरे. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी 1999 साली तयार झाली आणि जानेवारी 2000 पासून तेथे वापरात आली. तिच्यासाठी परवान्याचे शुल्क पडत नाही, म्हणून आपल्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना ती परवडते.

कोहात प्रत्येक सभासदाच्या खात्यावर मुदत संपण्याची तारीख असते. ती उलटली की प्रणाली त्या सभासदाला पुस्तक देऊ देत नाही. पण पैसे आले म्हणून ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. कोणीतरी खाते उघडून नूतनीकरणाचे बटण दाबावे लागते. त्याआधी अनामत पुरेशी आहे का, जुने पुस्तक बाकी आहे का, विलंबशुल्क आहे का, विद्यार्थी सवलत अजून लागू आहे का, हे सगळे पाहायचे. म्हणून संगणक आल्यावरही कर्मचाऱ्यांनी वही सोडली नाही. दोन्हीकडे नोंद होऊ लागली आणि काम कमी होण्याऐवजी वाढले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हा दुहेरी कारभार उघडा पडला. वर्गणी बहुतेकांची 31 मार्चला संपणारी. वाचनालय बंद, पुस्तके घरोघरी अडकलेली, आणि पडद्यावर जवळजवळ प्रत्येक खाते लाल. दार पुन्हा उघडले तेव्हा बंद काळाची मुदत वाढवून द्यायचे मंडळाने ठरवले, पण ती प्रत्येक खात्यावर हाताने वाढवावी लागली. काहींची दोनदा वाढली, काहींची राहून गेली. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच रांग लागली. त्या उन्हाळ्यात ग्रंथपालबाईंनी मंडळाला पत्र दिले. सभासदांची नावे आणि जावक क्रमांक वगळून ते पुढे देत आहोत.

ग्रंथपालांचे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
कार्यकारी मंडळ

विषय : सभासद-नूतनीकरणाची तपासणी संगणकाद्वारे करणे व शंकास्पद प्रकरणे कर्मचाऱ्यांनी तपासणे, याबाबतचा प्रस्ताव.

महोदय,

नूतनीकरणासाठी सभासद येतो तेव्हा आम्ही पाच गोष्टी पाहतो. वर्गणीची रक्कम त्याच्या प्रकाराप्रमाणे पूर्ण भरली आहे का. अनामत त्याच्याकडे असलेल्या पुस्तकसंख्येला पुरते का. त्याच्या नावावर मुदत उलटलेले पुस्तक आहे का. विलंबशुल्क बाकी आहे का. आणि त्याचा सभासद-प्रकार अजून तोच आहे का, म्हणजे विद्यार्थी अजून विद्यार्थी आहे का, बालविभागातला सभासद वयाने मोठा झाला आहे का. यांतील पहिल्या चार गोष्टींची उत्तरे संगणकात आधीच आहेत. आम्ही ती पडद्यावरून वाचतो, वहीशी ताडतो आणि मग बटण दाबतो. मार्च-एप्रिलमध्ये देवघेव विभागाचा बहुतेक वेळ यातच जातो.

माझा प्रस्ताव असा आहे. वर्गणीची पावती संगणकात नोंदली की वरील तपासणी प्रणालीने स्वतः करावी. पाचही उत्तरे स्वच्छ असतील तर मुदतीची तारीख तिनेच पुढे न्यावी आणि सभासदाला तसा संदेश पाठवावा. त्यासाठी कोणी खाते उघडण्याची गरज नाही. पाचांपैकी एकाही बाबतीत शंका आली, तर प्रणालीने काहीही बदल करू नये. ते नाव कारणासह "तपासणी यादी"त टाकावे आणि ते प्रकरण मी किंवा सहाय्यक ग्रंथपालांनी पाहावे. प्रणालीला नूतनीकरण करता येईल, नाकारता मात्र येणार नाही, हा या प्रस्तावाचा गाभा आहे. नकार, थकबाकीची वळती आणि नाव कमी करणे या तीन गोष्टी आजच्याप्रमाणेच माणसांच्या हाती राहतील. त्यांपैकी शेवटची मंडळाच्याच हाती राहील.

एका प्रश्नावर मंडळाचा निर्णय हवा आहे. उदाहरण घेते. एका सभासदाची मुदत 31 मार्चला संपली. तो 20 जूनला आला आणि दरमहा 50 रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचे 300 रुपये भरले. त्याची नवी मुदत कोठून मोजायची? जुन्या तारखेपासून मोजली तर ती 30 सप्टेंबरला संपेल आणि खंड राहणार नाही. आजपासून मोजली तर 20 डिसेंबरला संपेल, पण एप्रिल ते जून हा काळ वर्गणीविना राहील. कोहामध्ये `BorrowerRenewalPeriodBase` नावाची एक मांडणी आहे आणि ती सर्व सभासदांना एकसारखी लागू होते. तेथे आजची तारीख, जुनी तारीख किंवा दोहोंतली नंतरची, यांपैकी एक निवडावी लागते. यापूर्वी काउंटरवर जो असेल तो आपल्या समजुतीप्रमाणे ठरवत असे, आणि एकाच दिवशी दोन सभासदांना दोन न्याय मिळत. संस्था नोंदणी अधिनियमातील तीन महिन्यांची मर्यादा लक्षात घेता माझी सूचना अशी आहे की खंड तीन महिन्यांपर्यंत असेल तर मुदत जुन्या तारखेपासून मोजावी, म्हणजे सभासदाचा हक्क अखंड राहतो. खंड त्याहून मोठा असेल तर प्रणालीने ठरवू नये. प्रकरण तपासणी यादीत यावे. मधल्या काळात सभासदाकडे पुस्तक होते का, तो परगावी होता का, हे विचारल्याशिवाय तेथे न्याय होणार नाही.

आजीव सभासद या व्यवस्थेच्या बाहेर ठेवावेत. त्यांना नूतनीकरण नाही, म्हणून संगणकात त्यांच्यापुढे फार दूरची तारीख घातली आहे. त्यातले कोण हयात आहेत हे प्रणालीला कधीच कळणार नाही. मतदारयादी आणि गणपूर्ती या दोन्हींसाठी ती माहिती लागते, म्हणून त्यांची पडताळणी वर्षातून एकदा हातानेच करावी लागेल.

व्यवस्था बंद पडली तर काय, असे मंडळ विचारेल. पावतीपुस्तक आपण बंद करणार नाही. वीज किंवा इंटरनेट नसेल त्या दिवशी वर्गणी कागदी पावतीवर घेतली जाईल आणि दुसऱ्या दिवशी नोंदली जाईल. याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चालू सभासदांची छापील यादी काउंटरवर ठेवली जाईल. दर आठवड्याला आपोआप नूतनीकरण झालेल्यांपैकी काही नावे काढून मी ती पावत्यांशी हाताने ताडून पाहीन. त्यात एक जरी चूक निघाली, तरी कारण सापडेपर्यंत आपोआप नूतनीकरण थांबवण्याचा अधिकार मला असावा.

खर्चाच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. कोहाला जोडायचा छोटा प्रोग्राम तंत्रज्ञाकडून एकदाच करून घ्यावा लागेल. मोबाइल संदेशांसाठी संस्थेची दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी करावी लागेल. तेथे संदेशाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजूर मसुद्यात न बसणारा मजकूर पोहोचत नाही. तसेच देवनागरी संदेशात 70 चिन्हेच बसतात आणि काना, मात्रा, अनुस्वार यांतले प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाते. त्यापुढे गेले की दुसऱ्या संदेशाचे पैसे लागतात. म्हणून मसुदा आखूड ठेवला आहे :

सभासद क्र. 1234 ची मुदत 31/03 ला संपते. - वाचनालय

यात 49 चिन्हे होतात. "कृपया" घालायची इच्छा होती. तो मंडळाने ठरवावा असा मुद्दा आहे.

पहिले तीन महिने वही आणि प्रणाली दोन्ही चालवाव्यात, रोज ताळा घ्यावा आणि त्यानंतरच वही बंद करण्याचा निर्णय व्हावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल

मंडळाची सभा

हे पत्र ज्या सभेपुढे आले, तिचे इतिवृत्त नेहमीपेक्षा लांब आहे. कोषाध्यक्षांचा पहिला प्रश्न होता, "पावती फाडणार कोण?" पावती माणूसच करणार आणि ती नोंदल्यावरच प्रणाली हलणार, हे बाईंनी स्पष्ट केले. त्यामुळे पैशाशी प्रणालीचा थेट संबंध येत नाही, ही गोष्ट कोषाध्यक्षांना पटली. पैसे न येता तारीख पुढे जाण्याची वाट बंद राहते, हे त्यांनी इतिवृत्तात मुद्दाम लिहून घेतले.

दुसरा आक्षेप ज्येष्ठ सदस्यांचा होता. माणसे वाचनालयात येतात, दोन शब्द बोलतात, वर्गणी भरताना नवे काय आले ते विचारतात. हे सगळे संदेशावर गेले तर सभासदाचा आणि संस्थेचा संबंध उरतो कोठे? त्यावर बाईंचे उत्तर इतिवृत्तात एका ओळीत आहे. मार्चमध्ये काउंटरवर उभ्या असलेल्या सभासदाशी बोलायला आज कर्मचाऱ्याला वेळच नसतो, असे त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी सुचवले की तपासणी यादीतल्या प्रत्येक सभासदाला संदेश न पाठवता फोन करावा, आणि तो कर्मचाऱ्यानेच करावा. मंडळाने ही सूचना उचलली.

तिसरी चर्चा तारखेच्या प्रश्नावर झाली आणि तीच सर्वांत अधिक वेळ चालली. जुन्या तारखेपासून मोजले तर सभासद न वाचलेल्या महिन्यांचे पैसे भरतो, असे काहींना वाटले. आजपासून मोजले तर नियमित भरणाऱ्यावर अन्याय होतो, असे इतरांचे म्हणणे. अखेर मतदानाचा हक्क अखंड राहणे सभासदाच्याच हिताचे आहे, या मुद्द्यावर ग्रंथपालांची सूचना मान्य झाली. एक भर मात्र मंडळाने घातली. ज्या सभासदाने मुदत संपण्यापूर्वी सर्व पुस्तके परत केली होती आणि जो अर्ज करून खंड मागतो, त्याचे प्रकरण तीन महिन्यांच्या आतले असले तरी तपासणी यादीतच यावे. मोबाइल संदेशात "कृपया" घालावे, असेही ठरले. मसुदा 70 चिन्हांच्या आतच राहिला.

ठरावाचा शेवटचा परिच्छेद असा : निवडणुकीची मतदारयादी प्रणालीतून जशीच्या तशी घेऊ नये. ती छापून सूचनाफलकावर लावावी, हरकतींसाठी मुदत द्यावी आणि हरकतींचा निर्णय मंडळाने करावा.

तीन महिन्यांचा ताळा

दुहेरी चाचणीच्या काळात ज्या अडचणी निघाल्या, त्यातली एकही पत्रात लिहिलेली नव्हती. तरीही पत्रातल्या व्यवस्थेमुळेच त्या सापडल्या.

पहिली अडचण रोजच्या यादीची. तपासणीचा प्रोग्राम पहाटे चालावा असे तंत्रज्ञाने लावले होते. पण वाचनालय बंद करताना रात्री मुख्य स्विच पाडायची आपली जुनी शिस्त. पहाटे संगणकच बंद, त्यामुळे प्रोग्राम चालला नाही, आणि चुकलेली वेळ तो नंतर स्वतःहून भरून काढत नाही. यादी आली नाही म्हणजे आज शंकास्पद कोणी नाही, असा समज सुरुवातीला झाला. वहीशी ताळा घेताना फरक दिसला तेव्हा कारण कळले. त्यानंतर दोन बदल झाले. प्रोग्रामची वेळ वाचनालय उघडल्यानंतरची केली, आणि यादीत एकही नाव नसले तरी "आज शून्य" असा कागद छापून यायलाच हवा असा नियम केला. कागद नसेल तर काहीतरी बिघडले आहे, हे आता शिपायालाही माहीत आहे.

दुसरी अडचण मार्चअखेर समोर आली. तपासणी यादी एकाएकी लांबली. बहुतेक नावांपुढे कारण एकच होते, विलंबशुल्क बाकी. आणि ते सारे सभासद वेळेवर पुस्तके आणून देणारे. एकाचे खाते उघडून पाहिले. त्याने 28 मार्चला कादंबरी नेली होती आणि परतीची तारीख 31 मार्च पडली होती. नेहमीचे दिवस सोडून तीनच दिवस का मिळाले? कोहात `ReturnBeforeExpiry` नावाची मांडणी आहे. ती चालू असली की सभासदत्व संपण्याच्या तारखेपलीकडे कोणतेही पुस्तक देता येत नाही. परतीची तारीख त्या दिवसावर येऊन थांबते. सभासदाने 2 एप्रिलला वर्गणी भरली, पण तोवर शुल्क लागले होते, आणि शुल्क लागले म्हणून आपोआप नूतनीकरण अडले. पूर्वी काउंटरवरचे कर्मचारी असे शुल्क नजरेने ओळखून माफ करत. ती माफी कोठेही नोंदली जात नसे, म्हणून कारण कधी कोणी शोधले नव्हते. यादीतली कारणे एकाखाली एक छापून आली तेव्हा ते दिसले. मांडणी बदलली, आणि यादी पुन्हा आखूड झाली.

तिसरी अडचण आजही आहे. मोबाइलवरून बँकेत थेट जमा होणारी वर्गणी वाढली आहे. बँकेच्या उताऱ्यात पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक येतो, पण सभासद क्रमांक येत नाही. आईच्या सभासदत्वाचे पैसे पुण्याहून मुलगा पाठवतो, त्याचे नाव आपल्या नोंदवहीत कोठेच नसते. आडनाव आणि रक्कम जुळवून अंदाज बांधणे यंत्राला शक्य आहे. ते करू द्यायचे नाही, असे मंडळाने ठरवले. गावात एकाच आडनावाची घरे किती तरी आहेत, आणि एकाची वर्गणी दुसऱ्याच्या खात्यावर चढली तर दोघांचीही तक्रार येते. अशी रक्कम "सभासद निश्चित नाही" या शीर्षाखाली जमा होते, आणि सहाय्यक ग्रंथपाल फोन करून तिचा धनी शोधतात. तोवर त्या सभासदाचे पुस्तक अडवायचे नाही, असा तोंडी नियम होता. तो आता लेखी आहे.

आजची स्थिती

तीन महिन्यांनंतर सगळेच कागद बंद झाले नाहीत. सभासदांची वही बंद झाली, पण पावतीपुस्तक चालू आहे आणि महिन्याची छापील यादीही चालू आहे. आठवड्याचा नमुना-ताळा ग्रंथपाल अजून घेतात. नूतनीकरणाची सरळ प्रकरणे आता कोणाच्या हाताखालून जात नाहीत. अडलेली प्रकरणे मात्र पूर्वीपेक्षा अधिक काळजीपूर्वक पाहिली जातात, कारण प्रत्येकापुढे कारण लिहिलेले असते आणि त्याचा निर्णय कोणी केला तेही लिहावे लागते. जुन्या मंडळाची न लिहिलेली रीत, म्हणजे बदली, आजारपण आणि घरची अडचण बघून सवलत देणे, ही आता तपासणी यादीच्या शेऱ्याच्या रकान्यात नोंदली जाते. सवलत कोणाला दिली आणि का दिली, हे पुढच्या मंडळाला वाचता येईल.

आजीव सभासदांचा प्रश्न सुटलेला नाही आणि तो संगणकाने सुटणारही नाही. दिवंगत सभासदांची नावे यादीत राहतात, गणपूर्तीचा आकडा वाढतो आणि वार्षिक सभा तहकूब करून पुन्हा भरवावी लागते. ही माहिती घरच्यांनीच द्यायला हवी.

म्हणून सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना चार विनंत्या आहेत. वर्गणी मोबाइलवरून पाठवताना शेऱ्यात सभासद क्रमांक अवश्य लिहावा. मोबाइल क्रमांक किंवा पत्ता बदलल्यास देवघेव विभागात कळवावे. घरातील आजीव सभासदाचे निधन झाले असल्यास तसे वाचनालयाला लेखी कळवावे. आणि आपले नाव चुकून तपासणी यादीत आले असेल, तर रागावू नये. त्या यादीत नाव येणे म्हणजे नकार नव्हे. वाचनालयातून लवकरच आपल्याला फोन येईल.